बाजारातला किलो, ताटातलं प्रथिन: कोळंबी, कुर्ली आणि तिसऱ्यांच्या प्रकल्प नोंदी

४ ऑक्टोबर

डायलिसिसच्या पेशंटचा आहार विचारायला बसलं की रत्नागिरीत मासळीचा विषय निघतोच. आजच्या काकूंचं उत्तर नेहमीचंच: "पाव किलो कोळंबी आणली, तिघांनी खाल्ली." त्यांच्या आधीच्या फाइलमध्ये याच जेवणासमोर कोणीतरी २० ग्रॅम प्रथिन लिहून ठेवलेलं आहे. हिशोब सरळ दिसतो. तक्त्यात शिजलेल्या कोळंबीचं प्रथिन १०० ग्रॅममागे साधारण २४ ग्रॅम, म्हणजे २५० ग्रॅमचे ६०, भागिले तीन.

पण पाव किलो हे डोक्यासकट, कवचासकट, कच्च्या कोळंबीचं वजन आहे आणि २४ हा आकडा सोललेल्या, शिजलेल्या, पाणी निथळलेल्या मांसाचा. दोघांचा गुणाकार करायचा काही संबंधच नाही. डायलिसिसवरच्या माणसाला प्रथिन जास्त लागतं, किलो वजनामागे दिवसाला १ ते १.२ ग्रॅम. काकू ५५ किलोच्या, म्हणजे ५५ ते ६६ ग्रॅम. त्यातले २० एका जेवणात मिळाले असं कागदावर दिसलं की बाकीची चौकशी कोणी करत नाही.

म्हणून या महिन्यात एक तक्ता करायचा. बाजारातून आणलेलं वजन डावीकडे, ताटात खरं किती प्रथिन आलं ते उजवीकडे. मधल्या तीन गोष्टी मोजायच्या: कवच किती गेलं, शिजताना पाणी किती गेलं, आणि त्या पाण्याबरोबर प्रथिन किती गेलं. प्रयोगशाळा हाताशी नाही. स्वयंपाकघरातला १ ग्रॅमचा काटा आणि सोन्याच्या दुकानात असतो तसा छोटा काटा, एवढ्यावर भागवायचं आहे.

६ ऑक्टोबर

मिरकरवाड्याहून एक किलो वनामी कोळंबी. मध्यम आकार, किलोत पस्तीसेक नग बसतात तेवढी. मावशींना सांगितलं की साफ करून देऊ नका, तर म्हणाल्या, "डॉक्टरीणबाई, आज हात रिकामे आहेत वाटतं!"

घरी आल्यावर आधी चाळणीत दोन मिनिटं निथळू दिली. बर्फाचं पाणी तसंच ठेवून तोललं तर किलोमागे तीस-चाळीस ग्रॅमचा फरक सहज पडतो. मग डोकी काढली: ३४८ ग्रॅम. कवच, शेपटी, पाय आणि पाठीतला काळा धागा मिळून ११७ ग्रॅम. मांस राहिलं ५३० ग्रॅम. उरलेले पाच ग्रॅम हाताला, पाटाला, कुठेतरी.

डोकंच एक तृतीयांश जातं हे तोलल्याशिवाय पटत नाही. सोलताना कवचाचा ढीग मोठा दिसतो, पण तो हलका असतो. वजन सगळं डोक्यात. म्हणून बाजारात 'डोकं काढलेली, कवच ठेवलेली' कोळंबी मिळते तिच्यासाठी हा ५३ टक्क्यांचा आकडा चालणार नाही. तिथे ६४७ मधून ५३०, म्हणजे ८२ टक्के मांस मिळतं. आणि मावशींनी सोलून दिलेली असेल तर कवचाची वजावट करायचीच नाही. मात्र पेशंटला एक नक्की विचारायचं: तुम्ही सांगताय ते वजन सोलायच्या आधीचं की नंतरचं? बहुतेक मासेवाल्या आधी तोलतात, पैसे घेतात, मग सोलून देतात. पिशवीत येते सोललेली, पण पेशंटच्या तोंडी असतो आधीचा पाव किलो.

बारीक कोळंबीत मांसाचा वाटा थोडा कमी निघतो. अर्धा किलो बारीक घेऊन पाहिली तर २२५ ग्रॅम मांस, म्हणजे ४५ टक्के. तक्त्यात मध्यम आणि बारीक असे दोनच प्रकार ठेवीन. जास्त बारकावे ठेवले तर ओपीडीत कोणी बघणार नाही.

८ ऑक्टोबर

पाण्याचा प्रश्न. ताज्या, काहीही न मिसळलेल्या कच्च्या कोळंबीच्या मांसात १०० ग्रॅममागे २० ग्रॅम प्रथिन आणि ७८ ग्रॅम पाणी. अमेरिकी शेती खात्याच्या तक्त्यात कच्चीचं २०.१ आणि शिजलेलीचं २४ आहे. कच्चीत वीस होतं ते शिजवल्यावर चोवीस झालं, म्हणजे शिजवल्याने प्रथिन वाढलं असं वाचणारे पुष्कळ भेटतात. वाढत काहीच नाही. स्नायू आकसतो, पाणी बाहेर टाकतो आणि उरलेल्या गोळ्यात प्रथिनाचं प्रमाण चढतं.

आजची चाचणी: सोललेलं मांस २०० ग्रॅम, ६०० मिली पाणी, मीठ नाही, हळद नाही. पाणी उकळल्यावर कोळंबी टाकली, तीन मिनिटांनी काढली, निथळून तोलली. १५२ ग्रॅम. म्हणजे ४८ ग्रॅम वजन पाण्यात गेलं.

त्या ४८ मध्ये प्रथिन किती? उकळीचं पाणी गाळून वाफेवर ठेवलेल्या स्टीलच्या थाळीत आटवलं, मग मंद ओव्हनमध्ये वजन उतरायचं थांबेपर्यंत वाळवलं. थाळीला चिकटलेला पिवळसर, मधासारख्या वासाचा थर खरवडायचा नाही, थाळीसकट तोलायचा. निघाले ४.४ ग्रॅम. शेजारी नुसतं नळाचं ६०० मिली पाणी तसंच आटवलं होतं, त्यात ०.१ ग्रॅम क्षार राहिले. ते वजा करून ४.३.

हा आकडा म्हणजे वरची मर्यादा. यातला काही भाग खनिजं. कोळंबीच्या मांसात सव्वा ते दीड टक्का खनिजं असतात आणि पोटॅशियमसारखी विरघळणारी त्यातून पाण्यात उतरतात. सव्वा ग्रॅम त्यांचा धरला तर उरतात तीनेक ग्रॅम. कच्च्या २०० ग्रॅम मांसात ४० ग्रॅम प्रथिन होतं, म्हणजे पाण्यात गेलं सात-आठ टक्के. कसंही मोजलं तरी अकराच्या पुढे जात नाही.

दुसऱ्या बाजूने पडताळा घेतला: शिजलेले १५२ ग्रॅम गुणिले २४ टक्के, ३६.५ ग्रॅम. चाळीसातून साडेतीन कमी. दोन वेगळ्या वाटांनी गेलं तरी आकडे शेजारीशेजारी उतरले, त्यामुळे एवढ्या कामापुरता विश्वास ठेवायला हरकत नाही.

शिवाय पाण्यात गेलेलं ते सगळं 'प्रथिन'ही नाही. तक्त्यातलं प्रथिन मोजतात नायट्रोजनवरून: नायट्रोजन गुणिले ६.२५. कोळंबी, कुर्ली यांच्या स्नायूत सुटी अमिनो आम्लं, त्यातही ग्लायसिन, आणि बीटेनसारखे पदार्थ भरपूर असतात. ताज्या कोळंबीची गोड चव त्यांचीच. ते पाण्यात सहज विरघळतात आणि नायट्रोजन मोजताना प्रथिनाच्या खात्यात जमा होतात. म्हणजे उकळीच्या पाण्यात चव बरीच जाते, स्नायूतलं खरं प्रथिन त्या मानाने थोडंच.

मुद्दाम आणखी २०० ग्रॅम आठ मिनिटं उकळली. रबरासारखी झाली, वजन १३४. तुकडे आक्रसून घट्ट गोल झालेले. अशा कोळंबीचं १०० ग्रॅममागचं प्रथिन सव्वीसच्या पुढे जाईल आणि कागदावर ती जास्त 'पौष्टिक' दिसेल. प्रत्यक्षात त्याच २०० ग्रॅम मांसातून ताटात आलेलं प्रथिन तीन मिनिटांच्या कोळंबीपेक्षा किंचित कमीच असणार.

११ ऑक्टोबर

आपल्याकडे उकळून पाणी फेकत कोण बसतं? कालवण होतं, नाहीतर कोळंबी परतून पाणी त्यातच आटवतात. म्हणजे आठ टक्क्यांचा हा तोटा बहुतेक घरांत होतच नाही, रश्श्यात राहतो.

परवाच्या ५३० ग्रॅम मांसाचा हिशोब पुरा केला. कच्च्या बाजूने १०६ ग्रॅम प्रथिन. कालवण झाल्यावर कोळंबी वेचून, रस निथळून तोलली तर ४०० ग्रॅम. तिचं २४ टक्क्यांनी ९६. मधले दहा ग्रॅम रश्श्यात. चौघांत वाटलं तर माणशी २६ ग्रॅम, त्यातले अडीच रश्श्यातले. पथ्यामुळे रस्सा टाकून नुसती कोळंबी खाणाऱ्याला २४ पडतील. नारळाचं प्रथिन वेगळं, ते यात धरलेलं नाही.

या पट्टीने काकूंचा पाव किलो: २५० ग्रॅमचं मांस १३२ ग्रॅम, प्रथिन २६ ग्रॅमच्या आसपास, तिघांत वाटून माणशी नऊ. फाइलमध्ये वीस.

यातली मोठी चूक कवचाची आहे, पाण्याची नाही. कवच विसरलं तर आकडा जवळपास दुप्पट होतो. पाण्यात गेलेलं विसरलं तर पाच-दहा टक्के इकडेतिकडे. लोक मात्र विचारतात ते नेमकं उलटं: "मॅडम, उकळल्यावर प्रोटीन निघून जातं ना?"

१६ ऑक्टोबर

गोठवलेली कोळंबी. पुण्या-मुंबईहून आलेल्या सुना आणि त्यांच्यामुळे आता इथल्या घरांतही पाकीट येतं. सोललेली, सुटी सुटी, प्रत्येकीवर बर्फाचा पातळ थर. हा थर मुद्दाम दिलेला असतो, मांस वाळू नये म्हणून. पण पाकीट त्याच्यासकट तोललेलं असेल तर तेवढे पैसे बर्फाचे.

५०० ग्रॅमचं पाकीट चाळणीत घेऊन गार पाण्याच्या धारेखाली धरलं. वरचा चकचकीत थर जाऊन बोटाला मांस खरखरीत लागेपर्यंतच. आतली कोळंबी वितळू द्यायची नाही, नाहीतर तिचं स्वतःचं पाणीही गळून हिशोब बिघडतो. निथळून, टिपून तोललं: ४१५.

बर्फ गेल्यावरही एक फसगत उरते. पाकिटावर घटकांमध्ये आयएनएस ४५१ लिहिलंय. हे फॉस्फेट. त्याच्या द्रावणात कोळंबी बुडवली की स्नायू पाणी धरून ठेवतो, वजन वाढतं, शिजल्यावरही लुसलुशीत राहते. अमेरिकी तक्त्यात म्हणूनच कच्च्या कोळंबीच्या दोन नोंदी आहेत. साधीचं प्रथिन २०.१ आणि सोडियम ११९ मिलीग्रॅम. पाणी धरून ठेवणारे पदार्थ असू शकतील अशीचं प्रथिन १३.६ आणि सोडियम ५६६. पाकिटावर फॉस्फेट लिहिलं नसलं तरी सोडियमचा आकडा बघितला की कळतं. शंभर-दीडशेच्या आसपास असेल तर साधी, चार-पाचशेच्या घरात असेल तर मीठ किंवा द्रावण दिलेली.

तव्यावरही ओळखू येते. ताजी कोळंबी तेलात पडली की मिनिटभरात रंग बदलते, थोडं पाणी सुटतं, लगेच आटतं. ही आज तव्यात अक्षरशः पोहत होती. परतायचं बाजूलाच राहिलं, उकळलीच. ४१५ ची झाली २४५. एक्केचाळीस टक्के वजन गेलं. ताज्या कोळंबीचं चोवीस-पंचवीस टक्के जात होतं.

आता गंमत. कच्च्या बाजूने ४१५ चे १३.६ टक्के, ५६ ग्रॅम. शिजलेल्या बाजूने, या प्रकारच्या शिजलेल्या कोळंबीचं तक्त्यात २२.८ टक्के आहे, त्याने २४५ चे पुन्हा ५६. जुळलं. आणि शिजलेल्या दोन्ही प्रकारांतला फरक पाहा: २४ आणि २२.८. कच्चेपणी २० आणि १३.६ असलेल्या दोन कोळंब्या शिजल्यावर जवळजवळ सारख्या होतात, कारण भरलेलं पाणी आचेवर निघून जातं. म्हणून ज्याच्या घरी काटा आहे त्याने शिजलेलं मांस तोलावं, चार ग्रॅमला एक ग्रॅम प्रथिन धरावं. कोळंबी कुठली, कशी, गोठवलेली की ताजी, काही विचारायची गरज उरत नाही. काटा नसेल तर मात्र कच्च्या वजनाबरोबर कोळंबीची जात-गोत विचारावीच लागते.

किडनीच्या पेशंटला फॉस्फेटवाली कोळंबी नकोच, ते वेगळं. मिसळलेलं फॉस्फेट शरीरात नैसर्गिकपेक्षा जास्त शोषलं जातं. तक्त्याखाली ही एक ओळ जाईल.

२५ ऑक्टोबर

कुर्ल्या. खाडीच्या, जाड नांग्यांच्या, दोन मिळून ६४० ग्रॅम. सुतळीने बांधलेल्या आणल्या. सुतळी भिजलेली असते, ती सोडूनच तोलायचं. या दोन्हींची ओली सुतळी ३८ ग्रॅम भरली!

कोळंबीसारखं कच्चं मांस काढून तोलायचा हट्ट इथे सोडून दिला. कच्च्या कुर्लीचं मांस जेलीसारखं असतं आणि कवचाला धरून बसतं. ओढलं तर अर्धं आत राहतं. शिजलं की आकसून सुटतं. म्हणून कुर्लीचा हिशोब शिजलेल्या बाजूनेच.

बर्फात गार करून, मग पंधरा मिनिटं वाफवल्या. आईला कोरायला बसवलं, तिच्याइतका धीर माझ्यात नाही. नांग्यांतून ८४ ग्रॅम, मधल्या धडाच्या कप्प्यांतून ६२, चालायच्या पायांतून २२. एकूण १६८ ग्रॅम, म्हणजे आणलेल्या वजनाच्या २६ टक्के. शिजलेल्या खेकड्याच्या मांसाचं प्रथिन जातीनुसार १८ ते २२ टक्क्यांपर्यंत दिलेलं सापडतं. मी खालचा १८ घेतला. दोन कुर्ल्यांचं ३० ग्रॅम, एकीचं १५.

पण हे आईने कोरलेलं. जेवताना असं कोरतं कोण? रात्री दुसऱ्या दोन कुर्ल्यांचं कालवण केलं आणि जेवणानंतर ताटांतली कवचं गोळा करून पुन्हा कोरली. नांग्या सगळ्यांनी साफ केलेल्या. धडाचे कप्पे मात्र दातांनी चेपून तसेच टाकलेले, पायांना तर कोणी हातही लावला नव्हता. त्या कवचांत ३४ ग्रॅम मांस निघालं. म्हणजे साधारण पाचवा हिस्सा ताटात राहिला. तक्त्यात खाल्लेलं प्रथिन धरायचं तर एका ३२० ग्रॅमच्या कुर्लीचं १२ ग्रॅम.

तिसरी गोष्ट, पोकळ कुर्ली. मावशींचं म्हणणं, अमावस्येला भरलेली, पौर्णिमेला पोकळ. चंद्राचं मी मोजलेलं नाही, पण पोकळपणाचं कारण ठाऊक आहे. कात टाकल्यावर खेकडा पाणी पिऊन फुगतो, नवं कवच मोठं होतं आणि ते भरेल एवढा स्नायू वाढायला वेळ लागतो. मधल्या काळात आत पाणीच. पोटाकडून, पाय जिथे जोडलेत त्याच्या जवळ, अंगठ्याने दाबायचं. दबलं तर पोकळ. घट्ट लागलं तर घ्यायची. मावशींनी एक दबणारी मुद्दाम दिली, फुकट. ३१० ग्रॅमची. वाफवल्यावर ४७ ग्रॅम मांस, तेही ओलसर, तंतू सुटे न होणारं. तिचं प्रथिन फार तर आठ ग्रॅम. शेजारी ठेवलेली भरलेली कुर्ली दिसायला आणि वजनाला तेवढीच, पण पोकळ कुर्लीचं प्रथिन तिच्या जेमतेम निम्मं.

२७ ऑक्टोबर

पायांचं काय होतं, ते राहिलं होतं. आमच्याकडे बारीक पाय टाकत नाहीत. कच्चेच पाण्याबरोबर वाटतात, फडक्यातून गाळतात आणि तो राखाडी रस कालवणात घालतात. कवचाच्या कणांपासून मांस सोडवायची याहून सोपी युक्ती नसेल.

चार कुर्ल्यांचे चालायचे पाय २०५ ग्रॅम होते. वाटून, गाळून, मीठ न घालता रस मंद आचेवर ठेवला. तापत गेला तसा गढूळ रस फाटला, पांढरट-गुलाबी मऊ चोथा वर आला आणि खाली पाणी निवळलं. हा चोथा म्हणजे गोठलेलं प्रथिन. फडक्यात धरून वाळवला तर साडेसात ग्रॅम. म्हणजे कुर्लीमागे जवळपास दोन ग्रॅम, एरवी कवचाबरोबर कचऱ्यात गेले असते ते.

हा रस घातलेल्या कालवणासाठी कुर्लीचे १२ ऐवजी १४ लिहीन. कालवण उकळल्यावर रश्श्यात जी बारीक फुलं दिसतात ती हीच. काही सुगरणी ती फुटलेली दिसू नयेत म्हणून रस्सा पुन्हा गाळतात. पेशंटच्या घरी तसं करू नका म्हणून सांगायचं.

२ नोव्हेंबर

शिंपल्यांकडे वळण्याआधी तक्ते चाळत बसले आणि एक विचित्र गोष्ट दिसली. अमेरिकी तक्त्यात निळ्या शिंपल्याचं कच्चं प्रथिन ११.९०, शिजलेलं २३.८०. पॅसिफिक कालव: कच्चं ९.४५, शिजलेलं १८.९०. ऑक्टोपस: १४.९१ आणि २९.८२. कटलफिश, म्हणजे आपल्या माकुलाची भावकी: १६.२४ आणि ३२.४८.

सगळे बरोब्बर दुप्पट, दशांशापर्यंत. चार वेगळे प्राणी शिजवून कोणी मोजले तर असं होणं शक्य नाही. हे आकडे हिशोबाने काढलेले आहेत. शिजल्यावर वजन निम्मं राहतं आणि प्रथिन सगळं मांसातच राहतं असं धरायचं, की कच्च्याचा दुप्पट आकडा तयार.

हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०१७ च्या तक्त्यात मासळीचे आकडे कच्च्या, खाण्यायोग्य भागाचे आहेत, त्यामुळे तिथे ही भानगड नाही. पण फोनवरची बहुतेक ॲप अमेरिकी आकडा उचलतात. तुमच्या पातेल्यात वजन निम्मं झालं नसेल तर तो आकडा तुमच्यासाठी चुकीचा.

८ नोव्हेंबर

आज तेच तपासलं. तिसऱ्या, दीड किलो. मिठाच्या पाण्यात ठेवून वाळू टाकू दिली. टिचकी मारूनही न मिटणाऱ्या फेकल्या. मग एक किलो वाफवायला आणि अर्धा किलो कच्च्या उघडायला.

कच्च्या आईने विळीवर उघडल्या, खाली वाडगा धरून. अर्ध्या किलोत मांस ८४ ग्रॅम, म्हणजे किलोला १६८. वाफवलेल्या किलोचं मांस निघालं ११८ ग्रॅम. म्हणजे शिजल्यावर सत्तर टक्के वजन राहिलं, पन्नास नाही. फार वाफवलं नव्हतं, शिंपा उघडल्या की गॅस बंद.

आता ॲपचा आकडा लावून बघू. शिजलेल्या तिसऱ्यांसारख्या शिंपल्यांचं प्रथिन २५.५ टक्के, ११८ ग्रॅमचे ३०. कच्च्या बाजूने, १६८ ग्रॅमचे १२.८ टक्क्यांनी साडेएकवीस. शिजवून तीस ग्रॅम काढायचे तर कच्च्यात नसलेले साडेआठ ग्रॅम कुठून आणायचे? माझ्या सत्तर टक्क्यांनी हिशोब केला तर शिजलेल्या मांसात सतरा-अठरा टक्के बसतात, आणि तेच मी धरणार.

शिंपेतलं पाणी वाडग्यात साचलं होतं. ते आटवून प्रथिन काढायचा विचार सोडला, कारण समुद्राच्या पाण्यात लिटरमागे पस्तीस ग्रॅम मीठ असतं आणि थाळीत उरेल ते बहुतेक मीठच. नुसतं तापवून पाहिलं तर दुधाळ झालं, थोडे कण बसले. थोडं प्रथिन आहे, पण कुर्लीच्या रसासारखं नाही. हे पाणी गाळून कालवणात घालतात, त्यामुळे निरोगी माणसाला तोटा नाही. माझ्या पेशंटना मात्र मिठामुळे ते टाकूनच द्यायला सांगावं लागेल.

एवढं सगळं करून एक किलो तिसऱ्यांचं प्रथिन वीस-एकवीस ग्रॅम. एकशिपी केली, चौघं जेवले, माणशी पाच. ताटात शिंपांचा डोंगर उभा राहतो, आणि प्रथिन एका अंड्यापेक्षाही कमी. तिसऱ्या खाव्यात त्या चवीसाठी आणि लोहासाठी. प्रथिनाचा भार त्यांच्यावर टाकू नये.

१४ नोव्हेंबर

जवळ्याबद्दल थोडक्यात. तो कवचासकट खातात, त्यामुळे वजावट काही नाही. पण कवचातल्या कायटिनमध्येही सात टक्क्यांच्या जवळपास नायट्रोजन असतो. ६.२५ ने गुणलं की एक ग्रॅम कायटिन ०.४३ ग्रॅम प्रथिन असल्यासारखं दिसतं, आणि ते आपल्या अंगी लागत नाही. सुक्या जवळ्याच्या पाकिटावरचा आकडा म्हणून थोडा फुगलेला असतो. मूठभर सुकटीच्या चटणीत फरक ग्रॅमच्या आतच राहील, त्यासाठी वेगळी ओळ करत नाही. सुक्या मासळीत खरी अडचण मिठाची आहे.

१८ नोव्हेंबर

तक्ता टाइप करून घेतला. सगळे आकडे बाजारात तोललेल्या १०० ग्रॅममागे आहेत:

| काय आणलं | ताटात प्रथिन |
|---|---|
| कोळंबी, डोक्या-कवचासकट, मध्यम | १०–११ ग्रॅम |
| कोळंबी, डोक्या-कवचासकट, बारीक | ९ ग्रॅम |
| कोळंबी, सोलून मग तोललेली, ताजी | २० ग्रॅम |
| गोठवलेली, द्रावण दिलेली, बर्फासकट | ११ ग्रॅम |
| कुर्ली, भरलेली, एरवी खातात तशी | ४ ग्रॅम |
| तिसऱ्या, शिंपांसकट | २ ग्रॅम |

रस्सा टाकला तर कोळंबीच्या आकड्यातून दहावा हिस्सा कमी करायचा. कुर्लीचा आकडा मुळातच कोरलेल्या मांसाचा आहे, त्यात रस्सा धरलेला नाही. कालव तक्त्यात नाहीत, कारण ती किलोवर न मिळता फोडलेली, पाण्यात ठेवलेली मापावर मिळतात आणि मापात पाणी किती हे विकणाऱ्यावर आहे. त्यांना निथळून तोलायचं आणि कच्च्या मांसाचा नऊ टक्क्यांचा आकडा लावायचा, एवढं तळटीपेत.

आहार विचारणाऱ्या मुलींना तीन प्रश्न पाठ करायला दिले: वजन सोलायच्या आधीचं की नंतरचं, ताजी की पाकिटातली, आणि किती जणांत. काकूंच्या फाइलमध्ये वीस खोडून नऊ लिहिले. राहिलेल्या अकरा ग्रॅमसाठी त्यांना दोन उकडलेल्या अंड्यांचा फक्त पांढरा भाग आणि थोडी जास्त कोळंबी, अर्धा किलो तिघांत, असं सुचवलंय. त्यावर त्यांचा प्रश्न: "अर्धा किलो सोललेली, की कवचाची?"